चार हजार नऊशेचा फरक

मार्च संपला की हाताने वह्या लिहिणाऱ्या दुकानांत एप्रिलचे पहिले दिवस तेरजेचे असतात. खतावणीतल्या प्रत्येक खात्याची शिल्लक काढायची, नावे शिल्लक एका रकान्यात आणि जमा शिल्लक दुसऱ्या रकान्यात मांडायची, आणि दोन्ही बेरजा सारख्या येतात का ते पाहायचे. प्रत्येक व्यवहार एका खात्याच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमा, असा दोन्हीकडे लिहिलेला असतो, म्हणून बेरजा जुळायलाच हव्यात. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत सविस्तर मांडली. जुनी वही बंद करताना दोन्ही बाजूंच्या बेरजा ताडून पाहा आणि जुळल्या नाहीत तर चूक शोधा, असे त्यानेही सांगून ठेवले आहे.

जुळल्या नाहीत तर नेमके काय करायचे, हे मात्र पुष्कळांना नीट ठाऊक नसते. ते एका दुकानाच्या आकड्यांवर पाहू. उदाहरणासाठी साताऱ्यातले एक हार्डवेअरचे दुकान घेऊ. रंग, पाइप, खिळे, कुलपे असा माल, रोखीइतकीच उधारीची विक्री, आणि वह्या लिहायला एक वयस्कर दिवाणजी. तेरजेत नावे बाजूची बेरीज आली २४,८६,८०० रुपये आणि जमा बाजूची २४,९१,७००. नावे बाजू ४,९०० रुपयांनी कमी. मालक गल्ल्यावरून म्हणाले, "अहो दिवाणजी, चार-पाच हजारांचाच प्रश्न आहे ना? टाका किरकोळ खर्चात आणि मोकळे व्हा." दिवाणजींनी तसे केले नाही. केले असते तर दुकानाचे किती नुकसान झाले असते, तो हिशेब पुढे येईलच.

आधी हे पाहू, की दोन्ही बाजू लिहायच्याच असा नियम असताना एकच बाजू लिहिली कशी जाते. उधारीवर माल गेला की बिल प्रथम विक्री पुस्तकात चढते. तिथून खतावणीत दोन वेगवेगळ्या वेळी नोंदी जातात. ग्राहकाच्या खात्यावर त्या-त्या बिलाची रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नावे पडते. विक्री खात्यावर मात्र रोज काही जात नाही; महिन्याअखेर विक्री पुस्तकाची बेरीज मारून ती एकरकमी जमा होते. कराचेही तसेच, महिन्याची सीजीएसटी आणि एसजीएसटीची बेरीज आपापल्या खात्यावर जमा होते. थोडक्यात, नावेची बाजू सुट्या बिलांनी चढते आणि जमेची बाजू बेरजेने. मधले एखादे बिल ग्राहकाच्या खात्यावर चढवायचे राहिले, तरी विक्री पुस्तकाच्या बेरजेत ते असतेच. जमा झाली, नावे राहिली. एकतर्फी चूक म्हणतात ती हीच. साधारणपणे कष्टाळू माणसाच्या वहीतच ती सापडते, कारण ती निष्काळजीपणापेक्षा कामात पडलेल्या खंडातून जन्मते. ग्राहक समोर येऊन उभा राहिला, जेवणाची वेळ झाली, खात्याचे पान भरले, आणि तेवढी एक ओळ सुटली.

ही चूक तेरीज मांडण्याच्या आधीच दिसली असती, तर दुरुस्ती अगदी सोपी होती. ग्राहकाच्या खात्यावर जाऊन, बिलाचा क्रमांक आणि तारीख देऊन, "राहिलेली नोंद" असा शेरा मारून रक्कम नावे टाकायची. दुसऱ्या कुठल्याही खात्याला हात लावायचा नाही, कारण दुसरी बाजू मुळातच बरोबर आहे. रोजकीर्दीत नोंद करायचीही गरज नाही. अर्धी राहिलेली नोंद पुरी केली, इतकेच.

दिवाणजींची अडचण निराळी होती. फरक दिसत होता, चूक दिसत नव्हती. त्यात मालकांना बँकेचे कॅश क्रेडिट नूतनीकरणाला द्यायचे होते आणि बँकेला तात्पुरता ताळेबंद आठवड्याच्या आत हवा होता. अशा वेळी सस्पेन्स खाते उघडतात. जी बाजू कमी पडते तिकडे फरकाची रक्कम त्या खात्याच्या नावाने लिहायची. इथे नावे बाजू कमी, म्हणून सस्पेन्स खात्याच्या नावे ४,९०० रुपये. आता तेरजेच्या दोन्ही बेरजा २४,९१,७०० झाल्या. ताळेबंद करताना चुका सापडलेल्या नसतील, तर ही नावे शिल्लक मालमत्तेच्या बाजूला दाखवतात. शिल्लक जमा असती तर देण्यांच्या बाजूला.

सस्पेन्स खाते उघडले की एक गोष्ट बदलते, आणि तीच नीट समजून घ्यायला हवी. आता राहिलेली नोंद नुसती एका खात्यावर टाकून चालत नाही. ग्राहकाच्या नावे रक्कम टाकली आणि सस्पेन्स खात्याला हात लावला नाही, तर तेरीज पुन्हा बिघडते, कारण तेवढीच रक्कम त्या ग्राहकाच्या ऐवजी सस्पेन्स खात्याने आधीच उचलून धरलेली आहे. म्हणून यापुढे प्रत्येक एकतर्फी चुकीची दुरुस्ती रोजकीर्दीतून, पूर्ण दोन बाजूंनी होते. एका बाजूला ज्याचे चुकले ते खाते आणि दुसऱ्या बाजूला सस्पेन्स.

आता शोध. दिवाणजींनी जे पहिल्यांदा केले ते कोणताही जाणकार करील. तेरजेच्या बेरजा पुन्हा मारल्या. खतावणीतले प्रत्येक खाते तेरजेत आले आहे का, प्रत्येक शिल्लक योग्य रकान्यात आहे का, हे बोट ठेवून तपासले. मागच्या वर्षीच्या ताळेबंदातल्या शिलका या वर्षीच्या आरंभी बरोबर ओढल्या आहेत का, तेही पाहिले. निम्मे फरक इथेच सापडतात. हा सापडला नाही.

मग आकडा बघून अंदाज बांधायच्या जुन्या युक्त्या. फरकाइतकीच एखादी रक्कम वह्यांत आहे का पाहायचे. असेल तर तिची एक बाजू राहिलेली असू शकते. फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण नावेची रक्कम जमेला लिहिली गेली तर चूक दुपटीने दिसते. फरकाला नऊने भागून पाहायचे, कारण दोन अंकांची अदलाबदल झाली तर फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. इथे ४,९०० ची कुठली नोंद नाही, २,४५० ची नाही, आणि ४,९०० ला नऊने भाग जात नाही. शिवाय आकडा गोल, म्हणून बेरजेतच शंभरांची चूक असावी असे कुणालाही वाटेल. दिवाणजींनी खरेदी आणि विक्री पुस्तकांच्या महिनेवार बेरजा पुन्हा मारून पाहिल्या. सगळ्या बरोबर निघाल्या.

या युक्त्या फसल्या, कारण त्या एकाच चुकीसाठी आहेत. सस्पेन्स खात्यातला आकडा सगळ्या एकतर्फी चुकांचा निव्वळ परिणाम असतो. नावेच्या पन्नास हजारांची नोंद राहिली आणि जमेच्या एकोणपन्नास हजार नऊशेची नोंद राहिली, तर तेरजेत दिसतील फक्त शंभर रुपये. फरक लहान म्हणून चूकही लहान, या समजुतीला कसलाही आधार नाही. आणि मालकांचा सल्ला याच समजुतीवर उभा होता.

अशा वेळी वही पहिल्या पानापासून ताडत बसण्यापेक्षा चूक कुठल्या भागात आहे ते आधी ठरवावे. उधारी विकणाऱ्या दुकानात त्यासाठी उत्तम साधन आहे येणेकऱ्यांचे एकत्रित खाते. ते एका कागदावर दहा मिनिटांत मांडता येते, कारण त्यातले आकडे खतावणीतून नाही, तर मूळ पुस्तकांच्या बेरजांतून घ्यायचे असतात. वर्षाच्या सुरुवातीचे सगळ्या ग्राहकांकडचे येणे १,८६,४००. त्यात वर्षभरातली करासह उधार विक्री ९,४२,८०० मिळवायची, विक्री पुस्तकातून. रोख पुस्तकातून ग्राहकांकडून आलेली रक्कम ८,७१,२५० वजा करायची, आणि लवकर पैसे देणाऱ्यांना सोडलेली कसर ५,९०० हीदेखील. उरतात २,५२,०५०. एवढे येणे असायला हवे. खतावणीतल्या सगळ्या ग्राहकांच्या शिलकांची बेरीज मात्र २,४७,९२० भरली. कमी पडले ४,१३०.

म्हणजे एक चूक ग्राहकांच्या खात्यांत आहे आणि ती ४,१३० ची आहे, हे त्या कागदाने सांगितले. ४,१३० या आकड्यातही एक सुगावा आहे. अठरा टक्के कर असलेल्या साडेतीन हजारांच्या मालावर कर होतो ६३० रुपये, आणि बिल होते बरोबर ४,१३०. मग फक्त विक्री पुस्तक काढायचे आणि खाते-पानाचा रकाना वरून खाली पाहत जायचे. नोंद खतावणीत चढवली की त्या रकान्यात खात्याचे पान लिहितात. ऑक्टोबरात एका बांधकाम ठेकेदाराच्या बिलापुढे तो रकाना कोरा होता. माल ३,५००, सीजीएसटी ३१५, एसजीएसटी ३१५, एकूण ४,१३०. ठेकेदाराच्या खात्याचे पान नेमके त्याच सुमारास भरले होते, नवे पान पुढच्या आठवड्यात उघडले, आणि हे बिल दोन्ही पानांच्या मध्ये राहून गेले. काही जण नोंद चढवण्याआधीच पान क्रमांक टाकून ठेवतात. अशा वह्यांत कोरा रकाना सापडत नाही आणि प्रत्येक बिल खात्याशी ताडून पाहावे लागते. म्हणून पान क्रमांक नोंद चढवल्यानंतरच टाकायचा, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

ठेकेदाराचे खाते नावे ४,१३०, सस्पेन्स खाते जमा ४,१३०. स्पष्टीकरणात बिलाचा क्रमांक, तारीख, विक्री पुस्तकाचे पान आणि "ग्राहकाच्या खात्यावर चढवायचे राहिले" एवढे लिहिले. यात विक्री खात्याला हात लावायचा मोह अनेकांना होतो, कारण चूक विक्रीच्या बिलात होती. पण विक्री ऑक्टोबरच्या बेरजेतून आधीच जमा झाली आहे, करही. जीएसटीचे विवरण विक्री पुस्तकावरून भरले जाते, म्हणून तेही बरोबरच गेलेले आहे. विक्री पुन्हा जमा केली असती तर एकच बिल दोनदा विकल्यासारखे झाले असते.

सस्पेन्स खात्यात आता ७७० रुपये नावे उरले. या आकड्यावर पुन्हा त्याच युक्त्या चालवल्या, तरी ३८५ ची नोंद नाही आणि नऊने भाग जात नाही. म्हणजे अजून निदान दोन चुका शिल्लक असण्याची शक्यता मोठी. येणेकऱ्यांचा भाग आता जुळलेला होता, त्यामुळे तो शोधातून वगळता आला. पुरवठादारांचा असाच कागद मांडला, तोही जुळला. उरली खर्चाची आणि किरकोळ खाती.

त्यात कसर खाते डोळ्यांत भरले. येणेकऱ्यांच्या कागदावर वर्षाची कसर ५,९०० होती, तो आकडा रोख पुस्तकातून आलेला. खतावणीत कसर खात्याची नावे शिल्लक होती ४,९५०. फरक ९५०, निम्मे ४७५. रोख पुस्तकात कसरीचा रकाना आवकीच्या बाजूला असतो, महिन्याअखेर त्याची बेरीज कसर खात्याच्या नावे पडते, कारण सोडून दिलेली रक्कम हा दुकानाचा खर्च आहे. फेब्रुवारीची बेरीज ४७५ होती आणि ती खात्यावर जमेला लिहिलेली होती. ग्राहकांच्या खात्यांवर तीच कसर बरोबर जमा पडली होती, म्हणजे दोन्ही बाजू जमाच झाल्या. नावेला ४७५ हवे होते ते नाहीत, आणि जमेला ४७५ नको होते ते आहेत. म्हणून दुरुस्ती दुप्पट रकमेची असते. कसर खाते नावे ९५०, सस्पेन्स खाते जमा ९५०. पहिले ४७५ चुकीची जमा पुसून काढतात, दुसरे ४७५ खरी नावे नोंद करतात. केवळ ४७५ ने दुरुस्ती करून पुढे जाणे ही अशा ठिकाणची नेहमीची चूक. तशी केली तर चुकीची जमा तेवढी पुसली जाते, खर्च लिहायचा राहूनच जातो.

आता सस्पेन्स खाते उलटले. ४,९०० नावे होते, त्यातून ४,१३० आणि ९५० मिळून ५,०८० जमा झाले. १८० रुपये जमा शिल्लक. नवशिक्या माणूस इथे घाबरतो, त्याला वाटते आपण काहीतरी वाढवून ठेवले. प्रत्यक्षात शोध इथे सोपा होतो, कारण १८० ला नऊने भाग जातो. त्याहून नेमके सांगायचे तर तो ९० च्या पटीत आहे. एकक-दशकाची अदलाबदल असेल तर फरक त्या दोन अंकांच्या वजाबाकीच्या नऊपट येतो, दशक-शतकाची असेल तर नव्वदपट. १८० म्हणजे ९० दुणे. शतक आणि दशक या स्थानांवर ज्यांच्यात दोनाचा फरक आहे असे अंक उलटेपालटे झालेले असावेत, आणि सस्पेन्सची शिल्लक जमा असल्याने एखादी नावे नोंद जास्तीची किंवा जमा नोंद कमीची असावी. खर्चाच्या खात्यांवर नजर टाकली तर वीज खात्यावर जानेवारीचे बिल २,८६० नावे होते. रोख पुस्तकात वीज कंपनीला दिलेले २,६८०. पावती काढली, ती २,६८० चीच निघाली.

इथली दुरुस्ती उलट दिशेची. सस्पेन्स खाते नावे १८०, वीज खाते जमा १८०. आता सस्पेन्स खात्याची नावे बाजू ४,९०० अधिक १८० म्हणजे ५,०८०, आणि जमा बाजू ४,१३० अधिक ९५० म्हणजे ५,०८०. शिल्लक शून्य. तेरीज पुन्हा मांडली तर ठेकेदाराच्या ४,१३० ने आणि कसरीच्या ९५० ने नावे बाजू वाढली, विजेच्या १८० ने घटली, आणि २४,८६,८०० चे २४,९१,७०० झाले. जमेच्या बाजूला काहीच बदलले नाही, कारण तिथे चूक नव्हतीच.

मालकांच्या सल्ल्याचा हिशेब आता करता येतो. दुरुस्तीपूर्वी दुकानाचा नफा ३,१२,६०० रुपये दिसत होता. कसरीच्या चुकीने तो ९५० ने फुगला होता आणि विजेच्या चुकीने १८० ने कमी दिसत होता. निव्वळ ७७० ने घटून खरा नफा ३,११,८३० झाला. ठेकेदाराच्या बिलाचा नफ्याशी संबंधच नाही, त्याची विक्री आधीच धरलेली होती. ४,९०० रुपये किरकोळ खर्चात टाकले असते तर नफा ३,०७,७०० दिसला असता. नफा ४,१३० ने कमी, तेही एकवेळ सोसता आले असते. पण ठेकेदाराच्या खात्यावर ते बिल कधीच चढले नसते, वसुलीला गेलेल्या माणसाच्या यादीत ते आले नसते, आणि ठेकेदाराने स्वतःहून आठवण करून दिली नसती तर माल फुकट गेला असता. सस्पेन्स खात्याची रक्कम खर्चात टाकून मोकळे होण्याला माझा ठाम विरोध आहे तो यामुळे. त्या रकमेत कुणाचे तरी येणे किंवा कुणाचे तरी देणे असू शकते, आणि चूक सापडेपर्यंत ते कुणालाच ठाऊक नसते.

शोधात दिवाणजींना आणखी एक चूक सापडली होती, तिची हकीकत वेगळी सांगायला हवी. एकाच आडनावाच्या दोन ग्राहकांपैकी एकाने दिलेले १,८०० रुपये दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले होते. चूक खरी आहे, दुरुस्त करायलाच हवी. पण ती सस्पेन्स खात्यातून करायची नाही. रोख नावे झाली, एका ग्राहकाचे खाते जमा झाले, दोन्ही बाजू लिहिल्या गेल्या. माणूस तेवढा चुकला. तेरजेवर तिचा परिणाम नव्हता, म्हणून ४,९०० मध्ये तिचा वाटाही नव्हता. येणेकऱ्यांच्या एकत्रित कागदावरही ती दिसली नाही, कारण दोघेही त्याच यादीत होते. दुरुस्ती सरळ त्या दोन खात्यांतली. ज्याला चुकून जमा मिळाली त्याच्या नावे १,८००, आणि ज्याने पैसे दिले त्याच्या जमा १,८००. हीच नोंद कुणी सस्पेन्समार्फत अर्धी केली, तर शून्य झालेले खाते पुन्हा १,८०० ने उभे राहते आणि मग नसलेल्या चुकीचा शोध सुरू होतो. चूक सापडल्यावर आधी एक प्रश्न विचारायचा, की हिच्यामुळे तेरीज बिघडली होती का. उत्तर नाही असेल तर सस्पेन्स खाते बाजूला ठेवायचे.

यातून एक मर्यादाही उघड होते. सस्पेन्स खाते शून्य झाले म्हणजे वह्या निर्दोष झाल्या असे नाही. मुळात विक्री पुस्तकातच न चढलेले बिल, दुरुस्तीचा खर्च यंत्रांच्या खात्यावर गेलेला, किंवा वरच्यासारखी नावाची गल्लत, यातले काहीही तेरीज सांगत नाही. ग्राहकांना वर्षाअखेर शिल्लक कळवून त्यांची सही मागवण्याची पद्धत अशा चुकांसाठीच आहे. ज्याचे १,८०० भरूनही दिसत नाहीत, तो ग्राहक त्या पत्राला उत्तर द्यायला धावत येतो.

या दुकानात चुका ताळेबंद पक्का होण्याआधी सापडल्या, म्हणून कसर आणि वीज या खात्यांवर थेट दुरुस्ती करता आली. पक्का ताळेबंद होऊन नवे वर्ष सुरू झाल्यावर त्या सापडल्या असत्या, तर तसे करणे चुकीचे ठरले असते. मागच्या वर्षीची कसर आणि वीज खाती नफा-तोटा पत्रकात बंद झालेली असतात. नव्या वर्षीच्या वीज खात्यावर मागच्या जानेवारीचे १८० जमा टाकले, तर या वर्षीचा वीजखर्च खोटा होतो. अशा वेळी ९५० नफा-तोटा समायोजन खात्याच्या नावे आणि १८० त्याच्या जमा जातात. उरलेले ७७० मालकाच्या भांडवल खात्यातून वजा होतात, कारण मागच्या वर्षी तेवढा नफा त्यात जास्तीचा जमा झालेला असतो. ठेकेदाराचे खाते मात्र कुठल्याही वर्षात बंद होत नाही. त्याच्या नावे ४,१३० थेट पडतात, वर्ष कोणतेही असो.

आता बहुतेक दुकानांत टॅली किंवा तसलेच एखादे सॉफ्टवेअर आहे, आणि तिथे एकतर्फी नोंद होत नाही असे मालक अभिमानाने सांगतात. व्हाउचरच्या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय ते जतन होत नाही, हे खरे आहे. पण एक दार उघडे राहते, ते म्हणजे आरंभीच्या शिलका. हातच्या वह्यांतून संगणकावर येताना प्रत्येक खात्याची सुरुवातीची शिल्लक वेगवेगळी भरावी लागते, आणि तिथे एकच बाजू लिहिली जाते. एका रंग पुरवठादाराचे ३८,५०० रुपये देणे होते आणि भरताना Cr ऐवजी Dr पडले, असे समजू. नावे बाजू ७७,००० ने जास्त भरते आणि टॅलीच्या ताळेबंदात Difference in opening balances अशी ओळ ७७,००० च्या रकमेसह उभी राहते. निम्म्याची युक्ती इथे लगेच लागू पडते, ३८,५०० ची शिल्लक शोधली की चूक हाती येते.

व्यवहारात मात्र असे घडते, की ती ओळ नाहीशी व्हावी म्हणून कुणीतरी Suspense A/c गटाखाली एक लेजर उघडते आणि त्याला ७७,००० ची जमा आरंभीची शिल्लक देऊन टाकते. ओळ गेली, ताळेबंद स्वच्छ दिसला. पुरवठादाराच्या खात्यावर मात्र आता त्याच्याकडूनच ३८,५०० येणे असल्याचे दिसते आणि मालक त्याचे पुढचे बिल त्यातून वळते करायला निघतात. दुरुस्ती व्हाउचरने करायची नाही. मागच्या वर्षीच्या सही झालेल्या ताळेबंदाशी आणि पुरवठादाराकडून मागवलेल्या खाते-उताऱ्याशी आरंभीच्या शिलका ताडायच्या, त्या लेजरच्या दुरुस्तीत जाऊन Dr चे Cr करायचे, आणि त्याच बैठकीत सस्पेन्स लेजरची शिल्लकही काढून टाकायची. फक्त पुरवठादाराचे दुरुस्त केले आणि सस्पेन्स विसरले, तर तीच ७७,००० ची ओळ ताळेबंदात पुन्हा येते, या वेळी उलट बाजूला.